तलफ येते, चढते आणि उतरते

दर्यापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही सहयोगिनी आज तुमच्याशी तंबाखूबद्दल बोलणार आहोत. तंबाखूनं काय होतं हे आज सांगणार नाही, ते पुडीवर छापलेलंच असतं. ज्या बाईला तंबाखू सोडायची आहे, तिला तलफ आल्यावर पुढची दहा मिनिटं नेमकं काय करायचं, एवढंच आज बोलू.

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही गटाच्या बैठकीला जातो, तेव्हा हे रोजच दिसतं. सकाळचा चहा झाला की तळहातावर तंबाखू-चुना, वावरात धुऱ्यावर बसलं की पुन्हा, भाकर झाली की पुन्हा. एका गटातल्या काकू दिवसाला आठ बार भरायच्या. दाताजवळ जळजळ व्हायला लागली, म्हणून त्यांनी तीनदा सोडून पाहिली. त्या आम्हाला म्हणाल्या, "सोडाची तर हाये वं बाई, पण तलफ आली का राहवतच नाई. मले वाटते, आता नाई खाल्ली तर डोकंच फुटन."

काकूंच्या या बोलण्यात एक समजूत लपलेली आहे, आणि ती आपल्या सगळ्यांचीच असते. आपल्याला वाटतं की तलफ आली आणि तंबाखू खाल्ली नाही, तर ती वाढतच जाईल, दिवसभर वाढेल आणि शेवटी असह्य होईल. खरं तसं होत नाही. तलफ वर चढते, एका ठिकाणी टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते. बहुतेक वेळा हे काही मिनिटांचंच काम असतं. कधी जास्त वेळ लागतो, पण ती चढतच राहत नाही. हे आपल्याला माहीत नसतं, कारण ती टोकाला जायच्या आधीच आपण डबी उघडलेली असते. तिचं उतरणं आपण कधी पाहिलेलंच नसतं.

बाळंतपणाच्या कळा आठवा. कळ येते, वाढते, आता जीव जातो असं वाटतं आणि मग ती सैल पडते. सुईण काय सांगायची? कळेशी भांडू नको, दात-ओठ खाऊ नको, श्वास घे आणि तिला जाऊ दे. तलफेचंही तसंच आहे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, अ‍ॅलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. व्यसन सोडलेली माणसं पुन्हा का वळतात, याचा त्यांनी अभ्यास केला. जुडिथ गॉर्डन यांच्यासोबतचं त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1985 साली आलं. तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी आहे, तिच्याखाली बुडायचं नाही, तिला अडवायचंही नाही, तिच्यावर तरंगत राहायचं, ही रीत त्यांनी शिकवली. पुढं त्यांनी विपश्यनेचाही अभ्यास केला, म्हणजे आपल्या इगतपुरीला जी शिकवतात तीच. आपल्याकडे समुद्र नाही, पण चंद्रभागेचा पूर आपण पाहिला आहे. पुराला कोणी हातानं थोपवत नाही आणि कोणी त्यात उडीही घेत नाही. पाणी चढताना पाहतो, उतरताना पाहतो.

आता काकूंनी काय केलं ते सांगतो. आम्ही त्यांना म्हटलं, "काकू, आठही बार एकदम बंद करू नका. आधी सकाळी दहाच्या चहानंतरची एकच तलफ धरा."

पहिल्या दिवशी जमलं नाही. काकू डबी हातात धरूनच बसल्या, नजर मोबाईलच्या घड्याळावर. मनात एकच, पाच मिनिटं झाली की खाईन. चौथ्या मिनिटाला डबी उघडली. यात दोन चुका होत्या. डबी हातात असली की ती सारखी बोलावते. आणि 'पाच मिनिटांनी खाईन' असं ठरवलं, की ते वाट पाहणं होतं, तलफेकडे पाहणं होत नाही.

दुसऱ्या दिवशी डबी घरी पेटीत ठेवली आणि वावरात आमच्यातली एक जण त्यांच्यासोबत बसली. चहा झाला. काकू म्हणाल्या, "आली." हीच पहिली पायरी. तलफ आली की तिला नाव द्यायचं. 'मले तंबाखू पाहिजे' असं न म्हणता 'तलफ आली' असं म्हणायचं. पहिल्या वाक्यात तुम्ही आणि तंबाखू असता, दुसऱ्यात तुम्ही तलफेकडे बाजूनं पाहत असता.

दुसरी पायरी, ती अंगात कुठं आहे ते शोधायचं. आम्ही विचारलं, "काकू, कुठं जाणवते?" त्या म्हणाल्या, "तोंडाले पाणी सुटलं. ओठाच्या आत झिनझिन करते. आन हा आंगठा पाय, आपल्या आपण घोटून राह्यला." खरंच त्यांचा अंगठा तळहातावर फिरत होता. तलफ 'डोक्यात' असते असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर ती ओठात, जबड्यात, छातीत, बोटांत सापडते.

तिसरी पायरी, त्यातली जी जागा सगळ्यात जोरात बोलते, तिथं लक्ष ठेवून श्वास घ्यायचा. श्वास ओढायचा नाही आणि रोखायचाही नाही, तो जसा येतो तसाच. काकूंनी ओठाच्या आतली झिनझिन धरली. आम्ही मधूनमधून विचारत होतो, आता दहापैकी किती? आधी त्या सहा म्हणाल्या, मग आठ. मग म्हणाल्या, "नऊ, आता नाई होत." इथंच बहुतेक जणी उठतात. हेच टोक असतं, आणि इथून पुढं उतार असतो. काकू बसून राहिल्या. थोड्या वेळानं आठ, मग पाच. मग त्यांनीच विचारलं, "कुठं गेली वं?" सगळे मिळून दहा-बारा मिनिटं झाली असतील. काकू ओटी बांधून वेचायला लागल्या.

मन दुसरीकडे वळवणं, म्हणजे पाणी पिणं, बडीशेप चघळणं, कोणाशी बोलत बसणं, हेही उपयोगी आहे. पण मग ही रीत वेगळी कशासाठी? मन वळवलं की तलफ टळते, पण तिची भीती तशीच राहते. 'तंबाखू आठवायची नाही' असं म्हटलं की ती जास्तच आठवते. उलट एकदा ती चढताना आणि उतरताना पाहिली, की पुढच्या वेळी ती आली तरी ठाऊक असतं की ही जाणार आहे.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. यानं तलफ येणं लगेच बंद होत नाही. मार्लाट आणि त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांनी 2009 साली सिगारेट ओढणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ही रीत शिकलेल्यांना तलफ इतरांएवढीच येत होती, पण पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. म्हणून 'मला अजून तलफ येते, म्हणजे मला जमत नाही' असं समजू नका. तलफ येणं तुमच्या हातात नाही, तिचं ऐकणं तुमच्या हातात आहे.

आता कुठं बिघडतं ते सांगतो. एक म्हणजे भूक. वेचणीला उपाशी पोटी जाऊन तंबाखूवर भूक मारायची सवय असते. भाकर खाल्ली आणि ते वाटणं गेलं, तर ती तलफ नव्हती, भूक होती. भुकेवर तरंगत बसायचं नाही, जेवायचं. दुसरं, पहिले तीन-चार दिवस फार कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, डोकं जड होतं. हे अंगातून तंबाखू सुटण्याचं लक्षण आहे आणि दोन-चार आठवड्यांत ते कमी होत जातं. त्या दिवसांत एकामागून एक तलफा येतात. एकीवर तरंगलं म्हणजे दिवस संपला असं नाही. नाहीच सोसलं तर सरकारी दवाखान्यात विचारा, तिथं औषधाचा सल्ला मिळतो. 1800 112 356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. तोंडात पांढरा चट्टा, बरी न होणारी जखम असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तंबाखू सुटायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

तिसरं बिघडणं काकूंचंच. तीन आठवड्यांत आठाचे दोन बार झाले होते. मग पाहुण्यांच्या लग्नात कोणीतरी पुडी पुढं केली आणि काकूंनी घेतली. घरी येऊन म्हणाल्या, "मोडलंच आता, मंग कायले सोडू?" आणि त्या दिवशी पाच बार झाले. पहिल्या बारानं जेवढं बिघडलं नाही, तेवढं 'आता मोडलंच' या विचारानं बिघडलं. मार्लाट यांनीही हीच गोष्ट फार ठासून सांगितली आहे. भाकर करपली म्हणून आपण चूल मोडत नाही. एक बार झाला तर तो एकच. तो कुठं झाला, कोणासोबत, कोणत्या वेळी, ते पाहायचं आणि पुढच्या तलफेला पुन्हा बसायचं. काकू पुन्हा बसल्या. आता चहानंतरचा बार गेला आहे, रात्रीचा एक अजून आहे.

एक सावधगिरी. ही रीत ऐकून घरातल्या रोज खूप दारू पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद करू नका. त्यात हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथं आधी डॉक्टर. आणि कोणाला जीव द्यावासा वाटत असेल, तर तिला एकटीला श्वास पाहत बसवू नका. तिच्याजवळ राहा आणि 14416 या टेलिमानसच्या नंबरावर फोन लावा.

सराव मात्र तंबाखूवरच सुरू करायचा असं नाही. आमच्या बैठकीत आम्ही डासावर सुरू करतो. डास चावला की खाजवायचं नाही. खाज कुठं आहे, किती आहे, चढते की उतरते, एवढंच पाहायचं. बायका आधी हसतात, मग दोन-तीन मिनिटांनी एखादी म्हणते, "अवं, गेली का वं!" जिनं खाजेचं जाणं पाहिलं, तिला तलफेचं जाणंही पाहता येतं.

पुढच्या सोमवारी बैठकीला येताना रोजची एकच तलफ ठरवून या. कोणत्या वेळची, कशानंतर येते आणि डबी त्या वेळी कुठं ठेवणार, एवढं सांगा. बसायला सोबत आम्ही आहोत.