बावीसचा दरवाजा बदलला, तरी…

सर्व्हरवर दुरून प्रवेश देणारी एसएसएच सेवा मुळात 22 क्रमांकाच्या पोर्टवर असते. ती 48222 वर नेली, की लॉगमधले पासवर्ड-अंदाजाचे प्रयत्न एकदम घटतात, आणि इथेच गैरसमज होतो. घटतात ते फक्त 22 ठोठावून पुढे जाणारे सरधोपट स्कॅनर. एका यंत्रावर टीसीपीचे पोर्ट जेमतेम 65,535. नेटाने शोधणारा ते बहुधा काही मिनिटांत चाळतो. शिवाय जोडणी होताच, पासवर्ड विचारण्याआधीच, सेवा स्वतःहून `SSH-2.0-OpenSSH` अशी ओळख सांगते. लपणार काय?

लॉग शांत होतो हा फायदा खरा, पण कच्चा पासवर्ड तिथेही कच्चाच. पासवर्ड-लॉगिन बंद करून फक्त किल्ली स्वीकारली, तर 22 वरही असे अंदाज वाया जातात.