फाइव्ह जीचा रिचार्ज: ‘अमर्याद’ कधी आणि कुठे?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: “ताई, माझा मोबाईल फाइव्ह जीचा आहे, वर तसं चिन्हही दिसतं, मग दुपारीच नेट संपल्याचा मेसेज का येतो?” त्याचं उत्तर बहुतेक वेळा मोबाईलमध्ये नसतं, रिचार्जमध्ये असतं.

2022 मध्ये फाइव्ह जी सुरू झालं तेव्हा कंपन्यांनी ते ओळख म्हणून वाटलं. जिओचा 239 रुपयांचा किंवा त्यावरचा रिचार्ज असला की अमर्याद फाइव्ह जी मिळायचं. जुलै 2024 मध्ये दर वाढले आणि अटही बदलली. तेव्हा जिओ आणि एअरटेल दोघांचा साधारण नियम असा झाला, की ज्या पॅकमध्ये रोज किमान 2 जीबी नेट आहे, त्यालाच अमर्याद फाइव्ह जी मिळेल. म्हणून रिचार्जची किंमत किती, यापेक्षा त्यात रोजचे किती जीबी आहेत ते आधी बघा.

जिओचंच उदाहरण घेऊ. जुलै 2024 च्या दरांनुसार 299 रुपयांत 28 दिवस, रोज दीड जीबी. यात अमर्याद फाइव्ह जी नाही. 349 रुपयांत तेच 28 दिवस, पण रोज 2 जीबी, आणि फाइव्ह जी अमर्याद. आता समजा आपल्या गटातल्या एकीने स्वस्त म्हणून 299 चा मारला. मुलाच्या अभ्यासाचे व्हिडिओ चालेनात, तेव्हा दुकानदाराने सांगितलं, “51 चं फाइव्ह जी व्हाउचर टाका, होईल सुरू.” होतं खरं. पण 299 आणि 51 झाले 350. म्हणजे 349 च्या पॅकपेक्षा एक रुपया जास्त, आणि रोजचं साधं नेट मात्र दीडच जीबी.

तीन महिन्यांच्या पॅकात हा फरक आणखी वाढतो. त्याच जुलै 2024 च्या दरांनुसार 84 दिवसांचा दीड जीबीचा पॅक 799 ला, त्यावर त्या मुदतीचं व्हाउचर 151 चं, एकूण 950. त्याच 84 दिवसांचा 2 जीबीचा पॅक 859 ला. 91 रुपये वाचतात. मग व्हाउचर कोणासाठी? ज्यांनी आधीच पॅक मारला आहे आणि मुदत बरीच उरली आहे, त्यांच्यासाठी. नव्याने रिचार्ज करणारीला ते परवडत नाही. कंपन्या दर बदलत असतात, तेव्हा ही बेरीज त्या दिवशीच्या आकड्यांवर करा.

आता अटी कशा वाचायच्या. कंपनीच्या ॲपमध्ये पॅकवर बोट ठेवलं की तपशील उघडतो. मोठ्या अक्षरातली किंमत सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. पहिलं, Validity म्हणजे मुदत: ती 28 दिवसांची असेल तर वर्षाला 13 रिचार्ज लागतात, 12 नव्हे. दुसरं, Unlimited 5G हे शब्द त्याच पॅकच्या तपशिलात आहेत का, की फक्त वरच्या जाहिरातीत? तिसरं, eligible असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ ‘अट पुरी करणाऱ्यांनाच’. ती अट म्हणजे फाइव्ह जीचा मोबाईल आणि तुमच्या जागी फाइव्ह जीचा टॉवर.

ही शेवटची अट खेड्यात सगळ्यात महागात पडते. अमर्याद असतं ते फक्त फाइव्ह जीवर. फोन फोर जीवर उतरला की रोजचे 2 जीबी झिजायला लागतात, आणि ते संपले की वेग इतका कमी होतो की व्हिडिओ चालत नाही. बाजारपेठेत फाइव्ह जी, पण घराच्या भिंतीआड फोर जी, असं अनेक गावांत होतं. म्हणून जास्त पैशाचा पॅक घेण्याआधी चार दिवस बघा: जिथे तुम्ही मोबाईल जास्त वापरता, स्वयंपाकघरात, शेतात, अंगणवाडीत, तिथे पट्टीवर 5G दिसतं की 4G? दिवसभर 4G च दिसत असेल तर जास्तीचे पैसे वाचवा, दीड जीबीचाच पुरे. आणि जवळच्या कोणाच्या फोनवर 5G येतंय, तुमच्या मोबाईलवर मात्र नाही, तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या प्रकारात 5G निवडलेलं आहे का ते आधी पाहा.

एक लहानशी गोष्ट राहिली. जुन्या पॅकची मुदत शिल्लक असताना नवा मारला, तर तो सहसा रांगेत उभा राहतो. जुना दीड जीबीचा संपेपर्यंत नव्याचं फाइव्ह जी सुरू होत नाही. त्यामुळे पैसे गेले असं समजून लगेच दुसरा रिचार्ज करू नका. ॲपमध्ये ‘माझे पॅक’ अशा ठिकाणी चालू कोणता आणि थांबलेला कोणता, ते दिसतं. दुकानात रिचार्ज करत असाल तर दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा: “यात रोज किती जीबी, आणि फाइव्ह जी आजपासून की जुना संपल्यावर?”