तर्रीचा रंग आणि पित्ताचं काम



काल अकोल्यात याच विषयावर बोलले, तेव्हा वेळ संपला आणि चिठ्ठ्या उरल्या. म्हणून आज अमरावतीत उलट्या क्रमानं जाऊ या. आधी प्रश्न घेते, व्याख्यान त्यातूनच होईल. पहिली चिठ्ठी अस्सल वऱ्हाडी आहे: "मॅडम, ड जीवनसत्त्वाची साठ हजाराची पुडी दुधासंगच काहून घ्याची? पाण्यासंग घेतली तं नाही चालत काय?"

चालते, पण अर्धवट. का, ते समजायला दवाखान्यात जायची गरज नाही, पाटवडीचा रस्सा पुरे. रस्सा उकळून खाली उतरवला की थोड्या वेळानं वर लाल तर्री येते. हा लाल रंग तिखटातला आहे. मिरचीतली ही रंगद्रव्यं गाजराच्या केशरी रंगद्रव्याच्या, म्हणजे बीटा-कॅरोटिनच्या, कुळातली. ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून रस्सा कितीही ढवळा, रंग शेवटी तेलाबरोबर वर येऊन बसतो. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं याच स्वभावाची. क आणि ब गटातली पाण्यात विरघळतात, त्यांची गोष्ट वेगळी आणि सोपी.

अडचण अशी की आपलं आतडं आतून पाणीदार आहे. आतड्याच्या पेशींवर पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो, आतडं हललं तरी तो फारसा ढवळला जात नाही. जीवनसत्त्वाला पेशीत शिरायचं तर आधी हा थर ओलांडावा लागतो. पाण्यात न विरघळणारी वस्तू तो एकटी ओलांडू शकत नाही. ती तशीच पुढे सरकते आणि शेवटी शौचावाटे जाते. साठ हजार युनिट हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात पुडीत ड जीवनसत्त्व फक्त दीड मिलिग्रॅम असतं, बाकी सगळा भराव. तेवढा कण वाया जायला फार काही लागत नाही.

आता पित्त म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण आपल्याकडे "पित्त वर आलं" म्हणताना लोकांना जठरातलं आम्ल अभिप्रेत असतं. मी बोलतेय ते पित्त यकृत तयार करतं. ते हिरवट-पिवळं, कडू आणि किंचित अल्कधर्मी असतं आणि जेवणांच्या मधल्या वेळात पित्ताशयात साठून दाट होतं. जेवणातली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याच्या सांगण्यावरून पित्ताशय आवळतं, आणि स्वादुपिंडही आपला पाचक रस सोडतं. उपाशीपोटी पाण्याबरोबर पुडी घेतली की हा निरोप जवळपास जातच नाही. थोडं पित्त पाझरत असतं, म्हणून पुडी शंभर टक्के वाया जात नाही. मघाशी अर्धवट म्हणाले ते यासाठी.

पित्तातले मुख्य कामगार म्हणजे पित्तक्षार. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून बनवतं. प्रत्येक रेणूची एक बाजू पाण्याशी जमवून घेणारी, दुसरी तेलाशी. खरकट्या कढईवर साबण जे करतो तेच काम ते आतड्यात करतात. तेलाचे मोठे थेंब फुटून बारीक होतात आणि पुन्हा एकत्र येत नाहीत. मग स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्या थेंबांच्या पृष्ठभागावर बसून तेलाचा रेणू तोडतं. एका रेणूतून दोन मेदाम्लं सुटतात आणि एक मोनोग्लिसराइड उरतं.

बऱ्याच पुस्तकांत वर्णन इथेच थांबतं, पण खरी गंमत पुढे आहे. हे तुटलेले तुकडे, पित्तक्षार आणि पित्तातलंच लेसिथिन मिळून अतिसूक्ष्म गोळे बनवतात. त्यांना मिसेल म्हणतात. त्यांचा व्यास साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे एका मायक्रॉनच्या तेलथेंबाच्या दोनशेवा हिस्सा. मिसेलची बाहेरची बाजू पाण्याला मानवते आणि आतला गाभा तेलकट असतो. अ, ड, ई, के या गाभ्यात बसतात. तेलाचा थेंब पाण्याचा स्थिर थर ओलांडू शकत नाही, मिसेल सहज ओलांडतो. पेशीच्या काठाशी तो आपला माल सोडतो.

यातून दिसेल की नुसतं पित्त पुरत नाही. पित्तक्षारांचेही मिसेल होतात, पण ते लहान असतात आणि त्यात माल कमी मावतो. मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइड मिसळले की मिसेल फुगतो आणि त्याची वाहण्याची ताकद वाढते. जेवणातलं तेल असं दोन कामं करतं: पित्ताला बोलावतं, आणि पचल्यावर स्वतःच मिसेलचा भाग होतं.

पेशीत शिरलेलं जीवनसत्त्व लगेच रक्तात जात नाही. पेशी चरबी पुन्हा जोडते, तिच्यात जीवनसत्त्व घालून कायलोमायक्रॉन नावाची पुडकी बांधते आणि ती लसिकेच्या वाहिन्यांत सोडते. तिथून ती छातीतल्या मोठ्या लसिकानळीवाटे रक्तात उतरतात. पित्तक्षार मात्र पेशीबाहेरच राहतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. शरीरात त्यांचा साठा जेमतेम दोन-चार ग्रॅम, पण दिवसात सहा ते दहा फेऱ्या करून तेवढ्यावर सगळं भागतं.

दुसरी चिठ्ठी: "मग तेल किती पाहिजे?" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर तर्री आहे हे मला दिसतंय. निराश करावं लागेल, फार थोडं पुरतं. फिलिपाइन्समध्ये शाळकरी मुलांवर एक अभ्यास झाला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. भाज्यांसोबत चरबी कमी, मध्यम आणि जास्त देऊन पाहिली. जेवणामागे जेमतेम अडीच ग्रॅम चरबी मिळालेल्या मुलांतही अ जीवनसत्त्वाची स्थिती जास्त चरबीवाल्यांइतकीच सुधारली.

आता आपली अंबाडीची भाजी घ्या. चार माणसांच्या भाजीवर लसणाची फोडणी, त्यात चहाचे चार चमचे तेल. ते सुमारे १८ ग्रॅम झालं, माणशी साडेचार. म्हणजे आपल्या आजीची फोडणी ही मर्यादा आधीच ओलांडून बसली आहे. शिवाय भाजी चिरून, घोटून शिजलेली असते. बीटा-कॅरोटिन पानाच्या पेशीत घट्ट अडकलेलं असतं, ते बाहेर निघाल्याशिवाय तेलात उतरणार कसं? शिजवणं आणि घोटणं हे काम करतं. म्हणून कच्च्या पानांपेक्षा घोटलेल्या भाजीतून ते जास्त मिळतं. पावसाळ्यात मेळघाटात तरोट्याची कोवळी पानं ताटात येतात. ती नुसती पाण्यात उकडून वाढली तर त्यांतल्या कॅरोटिनचा मोठा वाटा शोषलाच जाणार नाही. पालेभाजी खा असा सल्ला देणाऱ्यानं एक चमचा तेलाचाही विचार करावा, एवढंच माझं म्हणणं.

दुधाचंही असंच. टोन्ड दुधात तीन टक्के चरबी असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सहा ग्रॅम. पुडीला ते पुष्कळ झालं. स्निग्धांश काढलेल्या दुधात अर्ध्या टक्क्याहून जास्त चरबी नसते, म्हणजे पेल्यात फार तर एक ग्रॅम. ते "दुधासोबत घ्या" या सूचनेत बसतं, पण सूचनेचा हेतू त्यात उरत नाही. त्यापेक्षा दुपारी वरण-भात-तूप किंवा भाकरी-भाजीच्या जेवणासोबत पुडी घ्या. अमेरिकेत वयस्कर निरोगी लोकांना पन्नास हजार युनिटचा एकच डोस देऊन २०१५ साली तपासलं होतं. चरबीच्या न्याहारीबरोबर घेणाऱ्यांत बारा तासांनी रक्तातली ड-३ची पातळी चरबीविरहित न्याहारीवाल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त होती. हा आकडा त्या एका डोसाचा आणि त्या वेळेचा आहे, तो सगळीकडे लावू नका.

एका आजोबांनी विचारलंय: "बद्धकोष्ठाला पॅराफिनचं औषध घेतो, तेही तेलच ना?" नाही. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल आहे. लायपेजला ते तोडता येत नाही, म्हणून ते मिसेलमध्ये जात नाही. जीवनसत्त्वं मात्र त्यात छान विरघळतात, आणि आजोबा, तुमच्या औषधाबरोबर तीही बाहेर पडतात. म्हणून ते जेवणाच्या वेळेला घेऊ नये, आणि महिनोन्‌महिने तर घेऊच नये. तुमच्या डॉक्टरांना विचारून बदला.

"पित्ताशय काढलंय, माझं काय?" हाही नेहमीचा प्रश्न. पित्ताशय ही साठवणीची जागा, पित्त बनवतं यकृत. पिशवी गेल्यावर ते थेट आतड्यात झिरपत राहतं. एकदम तळकट खाल्लं तर काहींना जुलाब होतात, पण साध्या जेवणातली जीवनसत्त्वं बहुतेकांना पुरेशी मिळतात.

खरी अडचण होते ती पित्ताची वाटच बंद झाली की. नळीत खडा अडकला किंवा गाठ झाली, तर डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग राखेसारखा फिका पडतो. मग तूप कितीही खाल्लं तरी उपयोग नाही, चरबीच न पचता बाहेर पडते. अ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा काही महिने पुरतो, पण के जीवनसत्त्वाचा साठा तुटपुंजा असतो. म्हणून तूट आधी तिथे दिसते: हिरड्यांतून रक्त, सुई टोचली की न थांबणारा ठिपका.

या जीवनसत्त्वाचा शोधच चरबीच्या प्रश्नातून लागला. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम १९२९च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढलेला आहार देत होते. त्यांना पाहायचं होतं कोलेस्टेरॉल, पण पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला. १९३५ साली त्यांनी या अज्ञात घटकाला के हे नाव दिलं, रक्त गोठण्यासाठीच्या 'कोआगुलेशन' शब्दाच्या डॅनिश-जर्मन स्पेलिंगवरून. १९४३चं नोबेल पारितोषिक त्यांना एडवर्ड डॉइझी यांच्यासोबत मिळालं. के हाती येईपर्यंत अडथळ्याच्या काविळीत शस्त्रक्रिया म्हटलं की शल्यचिकित्सक रक्तस्रावानं धास्तावलेले असत. १९३८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना के जीवनसत्त्व तोंडानं दिलं आणि त्यासोबत पित्तक्षारही दिले. रक्त गोठू लागलं. जीवनसत्त्व अन्नात होतंच, अडलं होतं ते मिसेलपाशी.

आज पित्तक्षार पाजायची गरज नाही. तोंडाची वाट टाळून के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, आणि तेच निदानालाही उपयोगी पडतं. काविळीच्या रुग्णाची प्रोथ्रॉम्बिन वेळ लांबलेली असेल तर १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोजतात. वेळ नीट झाली, तर यकृताचं गोठणद्रव्यं बनवायचं काम ठीक आहे, त्याला फक्त के मिळत नव्हतं, आणि अडथळा पित्ताच्या वाटेवर आहे असं समजायचं. नाही सुधारली, तर यकृतच ती द्रव्यं बनवायला कमी पडतंय, आणि मग पुढच्या तपासण्यांची दिशा बदलते.