ऊर्जेच्या पायऱ्या कोठून येतात?



इलेक्ट्रॉनची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकलेले असते. परंतु या पायऱ्या येतात कोठून? श्रोडिंजर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणात त्यांचा मागमूस नाही. त्या भिंतींमुळे निर्माण होतात, आणि हेच आज फळ्यावर पायरीपायरीने पाहावयाचे आहे.

एक सरळ वाट घ्या. तिची लांबी L. दोन्ही टोकांना अशा भिंती की कण कितीही जोर करो, तो त्यांपलीकडे जाणार नाही. आत मात्र त्याच्यावर कसलाही दाब वा ओढ नाही. म्हणून आत त्याची सारी ऊर्जा E ही गतीचीच, आणि समीकरण असे होते:

−(ħ²/2m) ψ″ = Eψ

येथे m हे कणाचे वस्तुमान, आणि ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक h भागिले 2π. ψ हे तरंगफल. त्याचा वर्ग जेथे मोठा, तेथे कण सापडण्याचा संभव मोठा. 2mE/ħ² या राशीला k² म्हणू. मग ψ″ = −k²ψ. असे कोणते फल आहे की ज्याचे दोनदा अवकलन केले असता तेच, पण उलट चिन्हाने, परत येते? साइन आणि कोसाइन. म्हणून

ψ = A sin kx + B cos kx

येथवर k वाटेल तो चालतो. पायरीचे नाव नाही. आता भिंती बोलू लागतात. भिंतीपलीकडे कण नाही, म्हणून तेथे ψ शून्य. आणि तरंगफलाला एकाएकी उडी घेता येत नाही, म्हणून भिंतीशीही ते शून्यच हवे. x = 0 ठेवा: साइन शून्य, कोसाइन एक, म्हणून B = 0. आता x = L ठेवा: A sin kL = 0. A शून्य केला तर कणच उरत नाही. म्हणून sin kL शून्य हवा, अर्थात

kL = nπ, n = 1, 2, 3, …

n = 0 घेतला तर ψ सर्वत्र शून्य होते, म्हणजे पेटी रिकामी. ऋण n ने केवळ चिन्ह पालटते, नवी अवस्था मिळत नाही. कोणी विचारील, E शून्य किंवा ऋण का नसावी? तसे केल्यास ψ सरळ रेषा होते, नाहीतर एकदा शून्यातून निघाली की दूरच जाणारी वक्ररेषा. ती दुसऱ्या भिंतीशी पुन्हा शून्यावर येत नाही. k ची किंमत परत घातली की

E = n²h²/8mL²

तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांशी जखडलेली असते, म्हणून तिच्यावरही पूर्ण अर्धलहरीच बसतात. तरी एक भेद ध्यानात ठेवावा: तारेची कंपने १, २, ३ अशी चढतात, आपली ऊर्जा १, ४, ९ अशी.

एक चूक हमखास होते. पेटीचा मध्य x = 0 धरला आणि तरीही केवळ साइनच ठेवला, तर निम्म्या पायऱ्या हरवतात. ताळा सोपा आहे: n व्या अवस्थेत भिंती वगळून n − 1 ठिकाणी ψ शून्य व्हावयास हवे. पहिल्या अवस्थेतच मध्ये शून्य आले, तर तळची पायरी निसटली असे समजावे.

आता आकडे घालू. एका नॅनोमीटरच्या पेटीतील इलेक्ट्रॉनसाठी तळची ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, दुसरी १.५०, तिसरी ३.३८. पहिलीवरून दुसरीवर चढावयास सुमारे १.१३ लागतात, तेवढी ऊर्जा सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात असते. पेटी अर्ध्या लांबीची केली तर सर्व पायऱ्या चौपट उंच होतात.

मग कळंबोलीच्या लोखंड बाजारातील सळईत पायऱ्या का जाणवत नाहीत? मीटरभर लांबीची पेटी घ्या. लांबी शंभर कोटी पट झाली, म्हणून तळची ऊर्जा त्याच्या वर्गाने घटली. साध्या खोलीतील उष्णतेची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एकट्या इलेक्ट्रॉनला एवढीच ऊर्जा असली, तर n सुमारे सव्वीस कोटी येतो, आणि लगतच्या दोन पायऱ्यांतील अंतर त्या ऊर्जेच्या दहा कोटीव्या हिश्शाहूनही कमी. पायऱ्या आहेत; परंतु इतक्या बारीक की जिना उतरणीसारखा भासतो.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अनंत उंचीची भिंत निसर्गात नाही. खऱ्या भिंतीत तरंग थोडा आत शिरतो, पेटी जणू किंचित लांब होते, म्हणून प्रत्येक पायरी आपल्या सूत्राहून खाली येते. शिवाय कोंडलेल्या अवस्थांची संख्याही मोजकीच उरते. सळईतील इलेक्ट्रॉनांना तर लोखंडाचे अणू आणि एकमेक यांचाही धाक असतो. सूत्रातील आकडे त्यामुळे बदलतात. परंतु कण कोंडला की ऊर्जा निवडक होते, ही गोष्ट टिकून राहते.