बोनसच्या रकमेची वाटणी

दिवाळीच्या आधी हाती येणारी बोनसची किंवा थकबाकीची रक्कम संसारात नेहमीच्या पगारासारखी वागत नाही. पगाराला वाटा ठरलेल्या असतात, या रकमेला नसतात. त्यामुळे ती घरात येण्यापूर्वीच तिच्यावर मागण्या उभ्या राहतात आणि जो अधिक तगादा लावतो त्याला ती प्रथम मिळते. कर्जाच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट घातक ठरते.

उदाहरणादाखल इचलकरंजी परिसरातील सूतगिरणीतला एक कामगार घ्यावा. बोनस आणि वेतनवाढीची थकबाकी मिळून त्याच्या हाती 90,000 रुपये आले आहेत. घरखर्च महिना 18,000 रुपये. पतसंस्थेचे 80,000 रुपये कर्ज शिल्लक असून व्याज शेकडा 13 आहे. 2,700 रुपयांच्या हप्त्याने ते तीन वर्षांत फिटेल. शिवाय मुलीच्या आजारपणात एका खाजगी सावकाराकडून घेतलेले 30,000 रुपये आहेत, दरमहा शेकडा तीन व्याजाने.

पतसंस्थेचा वसुली कर्मचारी दारी येतो, जामीनदार रस्त्यात गाठतो. सावकार मात्र मुद्दल मागतच नाही. त्याला दरमहा 900 रुपये पोहोचले की तो संतुष्ट असतो. म्हणून ऐंशी हजारांचा आकडा मोठा वाटतो आणि पैसे तिकडे नेऊन भरले जातात. वास्तविक, शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. चौतीस महिन्यांत व्याजच मुद्दलाइतके होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. तेव्हा पहिला मान या कर्जाचा. चालू महिन्याच्या व्याजासह 30,900 रुपये बँकेमार्फत द्यावेत, पावती घ्यावी आणि वचनचिठ्ठी किंवा कोरे धनादेश दिले असतील तर ते त्याच वेळी परत घ्यावेत. कागद परत न घेता उठणे म्हणजे कर्ज अर्धेच फेडणे होय. परवान्याविना सावकारी करणे हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे. सावकार कागद देण्यास टाळाटाळ करीत असल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्था, लेखी तक्रार करता येते.

आता उरले 59,100 रुपये. ते सारे पतसंस्थेत भरावेत असा हिशेबी माणसाचा सल्ला असतो आणि कागदावर तो बरोबरही दिसतो. परंतु असे केले आणि माघ महिन्यात घरात कोणी आजारी पडले, तर तो कामगार पुन्हा त्याच सावकाराच्या पायरीवर जाईल. म्हणून जवळपास सवा महिन्याच्या घरखर्चाइतके 22,100 रुपये बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा मुदत ठेवीत राहू द्यावेत. त्यावर व्याज थोडे मिळेल. बचत खात्याचा दर शेकडा तीनच्या आसपास धरला, तर पतसंस्थेत न भरल्याने वर्षाला सुमारे 2,200 रुपयांचे नुकसान होते. छत्तीस टक्क्यांच्या दारी पुन्हा न जाण्याचे हे मोल आहे, आणि ते महाग नाही.

सणासाठी 12,000 रुपये वेगळे काढावेत. हा आकडा नवरा-बायकोने बसून आधीच ठरवावा. आकडा न ठरवता केलेली काटकसर बहुधा बाजारात मोडते. एक सावधगिरी मात्र हवी. याच दिवसांत दुकानदार थोडी रक्कम आगाऊ घेऊन मोटारसायकल वा दूरचित्रवाणी संच हप्त्याने देतात. तेथे बारा हजार खर्च होत नाहीत, तर नव्या कर्जाचा दरवाजा उघडतात.

बाकी 25,000 रुपये पतसंस्थेचे. ते नुसते काउंटरवर भरले तर पुढील हप्त्यांपोटी आगाऊ जमा धरले जाण्याचा संभव असतो. सबब 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असा लेखी अर्ज द्यावा आणि मुदतपूर्व भरण्यावर काही आकार आहे काय हेही विचारावे. मुद्दल 55,000 वर आले आणि हप्ता 2,700 चाच राहिला, तर छत्तीसऐवजी सुमारे तेवीस महिन्यांत कर्ज संपते व व्याजाचे अंदाजे साडेनऊ हजार रुपये वाचतात. हेच 25,000 शेकडा सात दराने तीन वर्षे ठेवीत ठेवले असते, तर पावणेसहा हजारांच्या आसपास मिळाले असते. हप्ता कमी करून घेण्याचा मोहही होतो. पण त्यात दरमहा सुटणारे थोडे पैसे घरखर्चात विरून जातात आणि मुदत तशीच राहते.

पुढच्या महिन्यात कर्जखात्याचा उतारा मागून पाहावा. त्यात मुद्दलाची बाकी 55,000 च्या आत आलेली दिसली पाहिजे. ती ऐंशी हजारांजवळच दिसत असेल तर रक्कम हप्त्यांत गेली आहे असे समजावे आणि अर्जाची पोच घेऊन त्याच आठवड्यात व्यवस्थापकांना भेटावे. सावकाराला जाणारे 900 रुपये त्या महिन्यापासून मोकळे झालेले असतात. ते राखीव रकमेच्या खात्यातच दरमहा जमा करावेत, म्हणजे वर्षअखेरीस ती तेहतीस हजारांच्या जवळ जाईल.