चांदीचं नाणं घेताना : भाव धातूचा किती आणि वरचा किती?

मागच्या होळीआधी भोंगऱ्या बाजाराला जाताना आमच्या गटातल्या बायकांनी ठरवलं, की व्याजाच्या वाट्यातून प्रत्येकीने दहा ग्रॅमचं चांदीचं एक नाणं घ्यायचं. घेतलंही. पण पावसाळ्यात एकीला मुलाच्या दवाखान्यासाठी ते मोडावं लागलं, तेव्हा सराफाने हातावर ठेवलेले पैसे पाहून आम्ही गप्पच झालो. चांदीचा भाव तर पडला नव्हता. मग पैसे गेले कुठे? ते शोधता शोधता जे कळलं, तेच आज सांगतोय.

हिशेब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला 100 रुपये धरू. आजचा भाव तुम्ही त्या जागी घाला. दहा ग्रॅमच्या नाण्यात चांदी झाली 1000 रुपयांची. पण त्या किमतीत ते कुणीच देत नाही, आणि त्यात सगळी लबाडीच असते असंही नाही. चांदीची लगड वितळवून पत्रा करतात, त्यातून गोल चकत्या कापतात, उरलेला पत्रा पुन्हा वितळवतात, मग चकतीवर ठसा मारून पाकीटबंद करतात. ही मजुरी, दुकानदाराचा नफा आणि वर तीन टक्के जीएसटी. ठसा आणि पाकिटाचा खर्च लहान नाण्याला आणि मोठ्या नाण्याला जवळपास सारखाच येतो. म्हणून नाणं जितकं लहान, तितकी ग्रॅममागे वरची रक्कम जास्त. सोन्याचंही तसंच. एक ग्रॅमची दहा नाणी दहा ग्रॅमच्या एका नाण्यापेक्षा महागच पडतात.

आता दोन दुकानं घेऊ. पहिला सराफ म्हणाला, सगळं धरून 1250. दुसरा म्हणाला 1150. आपण दुसऱ्याकडेच वळणार ना? पण त्याची किंमत जीएसटी सोडून होती. 1150 वर तीन टक्के म्हणजे 34 रुपये 50 पैसे. पावती झाली 1184 रुपये 50 पैशांची. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा : दादा, हातात नाणं येईपर्यंत एकूण किती द्यायचे? त्यातून धातूचे 1000 वजा करा. पहिल्याकडे वरचे 250, म्हणजे शेकडा 25. दुसऱ्याकडे साधारण साडेअठरा. नाण्यांची वजनं वेगळी असली तर नुसत्या किमतीची तुलना करू नका, हा शेकडाच ताडून बघा.

तरीही हिशेब अर्धाच झाला. दुसरा प्रश्न : आज घेतलेलं आजच परत दिलं तर किती द्याल? पहिला म्हणाला, आमचं नाणं, पाकीट न फोडता, पावतीसह आणलं तर ग्रॅमला 97 रुपये. म्हणजे 970 मिळतात, तोटा 280. दुसरा मोडीला शेकडा दहा घट धरतो. त्याच्याकडे 900 मिळतात, तोटा 284 रुपये 50 पैसे. स्वस्त वाटलेलं दुकान थोडं महागच निघालं! आमच्या त्या सखीने तर पाकीट केव्हाच फोडलं होतं आणि पावती चुलीत गेली होती. हा शब्द सराफाकडून पावतीच्या मागे लिहून घेता आला तर उत्तम. सोन्याचं नाणं बँकेतून घेणार असाल तर हेही ध्यानात ठेवा, की बँक ते परत विकत घेत नाही. मोडायला सराफाकडेच जावं लागतं.

आता राणीछाप रुपयाचं सांगतो, कारण आपल्याकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या बाजूला गळ्यातल्या माळेत तो अजून दिसतो. हा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुन्या एका तोळ्याचा. शंभरात सुमारे 92 भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी जवळपास 10.7 ग्रॅम, आपल्या धरलेल्या भावाने 1070 रुपयांची. राजाछाप घेताना मात्र साल वाचाच. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, वजन तेवढंच असलं तरी. त्यात 583 रुपयांचीच चांदी भरते. दोन्ही रुपये एकाच भावाने विकणारे बाजारात भेटतात. हौसेने जमवणारा जुन्या नाण्याला जास्त देईल, पण मोड घेणारा फक्त चांदीचे पैसे देतो, आणि गळ्यात घासून वजन घटलेलं असेल तर ते घटलेल्या वजनाचेच. वर कडी डाखलेली असली, तर तिचा डाकही तो वजनातून वजा करतो.

आमच्या गटाने पुढच्या वेळेला पन्नास ग्रॅमचं एकच नाणं विचारलं. सगळं धरून 5500, म्हणजे वरचे शेकडा दहाच. पण पाच जणींत एक नाणं ठेवायचं कुणाच्या पेटीत, आणि एकीला नड आली तर मोडायचं कसं? त्यावर बैठकीत तासभर वाद झाला. शेवटी ज्यांना घरच्या नडीसाठी हवं होतं त्यांनी दहा-दहा ग्रॅमचीच घेतली, जादा पैसे देऊन, पण पाकीट आणि पावती एकाच डब्यात ठेवून.