गीझरमधील क्षाराने धरलेला दांडा

आपल्या स्नानगृहांतून तांब्याचा बंब गेला आणि त्याच्या जागी भिंतीवरचा गीझर आला. बंबात क्षार साठला तर चिंचेने घासून काढीत असत. तांबे सहसा गंजत नसल्यामुळे त्यापलीकडे काळजी नसे. गीझरची टाकी बहुधा पोलादी पत्र्याची असून तिला आतून काचेसारख्या मिन्याचा लेप दिलेला असतो. या लेपात कोठे ना कोठे सूक्ष्म छिद्र राहतेच. त्या छिद्रापाशी पोलाद खाल्ले जाऊ नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा बसवितात. तो पोलादाच्या आधी स्वतः झिजतो आणि टाकीस वाचवितो. कारागीर त्याला ‘ॲनोड रॉड’ म्हणतात. तो दोनएक वर्षांनी पाहून बदलावा, हे बहुतेक घरांत कोणाच्या गावीही नसते.

खराडीचेच उदाहरण घेऊ. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव आता उंच इमारतींनी भरून गेले आहे. 2021 च्या आरंभी भामा आसखेड धरणाचे पाणी पुण्याच्या या पूर्व भागास मिळू लागले. तथापि जेथे कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, तेथे काळ्या पाषाणातून आलेला चुना व मॅग्नेशियम पाण्याबरोबर घरात येतो. पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना बाहेर पडून विजेच्या कांडीवर, दांड्यावर व टाकीच्या तळाशी दगडासारखा बसतो. समजा, पाण्याची कठीणता लिटरमागे 400 मिलिग्रॅम आहे आणि रोज 60 लिटर पाणी तापते. त्या क्षारांपैकी केवळ दशांश भाग आत राहिला तरी दिवसास सुमारे अडीच ग्रॅम, वर्षास जवळजवळ पाऊण ते एक किलो, आणि चार वर्षांत तीन किलोंहून अधिक दगड त्या पंचवीस लिटरच्या टाकीत जमतो.

आता असा चार वर्षांचा गीझर स्नानगृहाच्या खोट्या छतावरच्या पोकळीत टांगलेला आहे असे धरू. टाकीच्या बुडाशी एक वाटोळी तबकडी असते. कित्येक गीझरांत विजेची कांडी आणि दांडा दोन्ही तिलाच जोडलेले असतात. काम आरंभण्यापूर्वी पाना न घेता मोजपट्टी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. दांड्याची व कांडीची लांबी 28 सेंटिमीटर असेल आणि तबकडीखाली छताची फळी 14 सेंटिमीटरांवर असेल, तर दांडा कितीही मोकळा केला तरी तो तेथून बाहेर येणार नाही. कारागीर अर्धा दिवस झगडतात आणि मग ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येते. अशा जागी गीझर खाली उतरविणे हाच मार्ग. म्हणून आकड्यांवरून तो वर उचलण्यास माथ्यावर चार बोटे जागा आहे ना, आणि छताच्या झडपेतून तो निघेल ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

परंतु लगेच उतरवू नये. क्षाराचा मोठा गोळा तळाशी, म्हणजे तबकडीभोवतीच, असतो. गीझर जागेवर उभा असताना थोडक्या द्रवात तो बुडतो. उतरवून उलटा केल्यावर तोच गोळा भिजविण्यास सारी टाकी भरावी लागेल. प्रथम घराच्या मुख्य फलकावरील वीज तोडावी आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी. स्नानगृहातील बटणावर विसंबू नये. पाणी पूर्ण निवू द्यावे, येणारी तोटी बंद करून खालच्या नळीने टाकी रिकामी करावी. तोटी नीट सुटी केली असूनही थेंब थेंबच पाणी येत असेल, तर नळीचे तोंडही क्षाराने बुजले आहे असे समजावे व ते तारेने मोकळे करावे.

मग सहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व, अर्थात सायट्रिक ॲसिड, विरघळवून ते खालच्या नळीला जोडलेल्या रबरी नळीतून, फनेल उंच धरून, सावकाश आत सोडावे. गरम पाण्याची वाट उघडीच ठेवावी, कारण आत वायू सुटतो. चुन्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि मॅग्नेशियमपासून थोडा हायड्रोजनही निघतो. म्हणून खिडकी उघडी असावी आणि जवळपास ज्योत नसावी. टाकीस कान लावला तर फसफस ऐकू येते. ती थांबली की सत्त्वाचा जोर संपला. यास तीनचार तास पुरतात. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण उघड्या पोलादावरही आम्लाचा परिणाम होतो. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड तर कधीच वापरू नये.

येथे एक अपेक्षा मर्यादित ठेवली पाहिजे. अर्धा किलो लिंबूसत्त्व फार तर साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चुना विरघळविते, आणि आत आहे तीन किलो. सारा दगड नाहीसा व्हावा हा आपला हेतूच नाही. दांडा व कांडी यांना एकत्र धरणारा सांधा सुटावा, एवढेच हवे.

नंतर टाकी रिकामी करून, तारांचे छायाचित्र घेऊन त्या सोडवाव्यात आणि दोघांनी मिळून गीझर उतरवावा. आतील दगडामुळे तो दिसतो त्याहून जड असतो. जाड गोधडीवर तो उलटा ठेवला की तबकडी वर येते. तिच्या चाक्या टाकीस जोडलेल्या खिळ्यांवर असतात. खिळा तुटला तर टाकीच निकामी व्हायची. म्हणून आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे, सहा कोनांचा गोटी पाना घ्यावा, आणि प्रत्येक चाकी आधी किंचित आवळून मग सैल करावी. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली.

तबकडी दोन बोटे वर येऊन अडते, कारण गोळा टाकीच्या तोंडाहून मोठा असतो. येथेच लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि मिना फोडतात. तसे न करता तबकडी डावी-उजवी थोडी फिरवावी, फटीतून बांबूची काडी घालून क्षार फोडावा व तुकडे काढीत जावे. निघणारे तुकडे पांढरे किंवा मातकट व ठिसूळ असतील तर ठीक. निळसर, काचेसारखे धारदार कपचे दिसले तर तो मिना होय. हात तत्काळ थांबवावा, तबकडी नीट आवळून बसवून गीझर पुन्हा सरळ करावा आणि दुसऱ्यांदा लिंबूसत्त्व द्यावे.

तबकडी बाहेर आली की दांडा पकडीत धरून त्याच्या आट्यांतून फिरवून काढावा. कांडीला पीळ बसू देऊ नये. आता दांडा निरखून पाहावा. तो झिजून मधली तार उघडी पडली असेल तर त्याने आपले काम केले. परंतु चार वर्षांनंतरही क्षाराखाली तो जाडजूड निघाला, तर त्याचा अर्थ वाईट आहे. क्षाराने त्यास झाकून टाकले आणि टाकी तेवढा काळ विनासंरक्षण राहिली. तोंडातून विजेरीचा प्रकाश टाकून तळाच्या सांध्याशी तांबूस खड्डे आहेत का, हे पाहावे. ते असतील तर नव्या दांड्यावरील खर्च मी तरी करणार नाही.

टाकी सुस्थितीत असेल तर नवा दांडा, नवे रबरी कडे, आणि चाक्या समोरासमोरच्या जोडीने थोड्या थोड्या आवळणे. टाकीत पाणी फिरवून ते स्वच्छ येईपर्यंत धुवावी. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार लागल्यावरच वीज चालू करावी, आणि एक दिवस छताची झडप उघडी ठेवून तबकडीखाली कोरडा कागद पसरावा.